कोपर कडेला, पण नजर आतल्या टोकावर

एक फोटो डोळ्यासमोर आणा. नर्तिका डावीकडे, एक हात वर उचललेला. मागे काळा पडदा, खाली लाकडी फळ्यांचा रंगमंच. आणि उजव्या कडेतून कुणाचं तरी लाल बाहीतलं कोपर आत घुसलंय. ते घालवायचंय. प्रश्न एवढाच, की कडा कापून, क्लोनने की जनरेटिव्ह फिलने. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, कोपर ३१० पिक्सेल आत.

बहुतेकांचा हात आधी क्रॉपकडे जातो, कारण वस्तू कडेलाच तर आहे. पण हिशोब करू. उजवीकडून ३१० कापले आणि ३:२ हे प्रमाण राखायचं असेल, तर उंचीतूनही २०७ जातात. नर्तिकेच्या बोटांवर जागा आहे ९० पिक्सेल, पायांखाली १५०. म्हणजे मोकळे २४० आणि त्यातले २०७ गेले. तिच्या बोटांवर आणि पायांखाली मिळून उरले जेमतेम ३३ पिक्सेल. कोपर गेलं, पण बाई पेटीत बंद केल्यासारखी दिसायला लागली. प्रमाण सोडून दिलं तर गोष्ट वेगळी, पण हा फोटो मला त्याच प्रमाणात हवा होता.

म्हणून मी वस्तू कडेला किती आहे हे फारसं बघत नाही. तिचं आतलं टोक कशावर पडलंय ते बघतो. इथे एकाच कोपराचे तीन भाग आहेत. वरचा पडद्यावर, मधला फळ्यांवर आणि खालचं टोक तिथे बसलेल्या वादकाच्या गुडघ्यावर.

पडद्यावरचा भाग क्लोनने जातो, म्हणजे फोटोतल्याच दुसऱ्या जागेचा नमुना त्यावर उतरवून. फक्त तिथे हीलिंग ब्रश लगेच फिरवू नका. तो आजूबाजूचा रंग घेऊन जुळवून घेतो, आणि कडेला त्याला एकाच बाजूचे शेजारी मिळतात. त्या शेजारात लाल बाही शिल्लक असेल तर काळ्या पडद्यावर तांबूस डाग पसरतो. आधी साध्या क्लोन स्टॅम्पने बाही पूर्ण झाका, मग लागलंच तर हीलिंग. फळ्यांचा भाग जरा नाजूक. फळ्या आडव्या आहेत, त्यामुळे नमुना त्याच फळीवरून, डावीकडून घ्यावा लागतो, म्हणजे रेषा तुटत नाही. पण लेन्समुळे फोटो कडेकडे थोडा काळवंडतो. आतला नमुना कडेला आणला की तो उजळ दिसतो, ठिगळ ओळखू येतं. म्हणून लेन्स करेक्शन आणि फोटो सरळ करणं आधी उरकून घ्या. तसंही सरळ करताना कडा थोड्या कापल्या जातात. कधीकधी नको असलेली वस्तू तेवढ्यातच निघून जाते आणि तासाभराची मेहनत वाचते.

आता गुडघा. तो कोपराखाली झाकलेला आहे, आणि दुसरा तसा गुडघा फोटोत कुठेच नाही. क्लोनला नमुनाच नाही. इथे जनरेटिव्ह फिल, म्हणजे निवडलेल्या जागेत एआयकडून नवा तुकडा बनवून घेणं. पण सिलेक्शन हाताने काढलं की कडेच्या दोन-तीन पिक्सेल आधीच थांबतं, आणि तिथे लाल दोरा उरतो. सिलेक्शन फ्रेमच्या बाहेरपर्यंत ओढा. दुसरं, कोपराची फळ्यांवर पडलेली सावलीही सिलेक्शनमध्ये घ्या. माझ्याकडून पहिल्यांदा ती राहिली, आणि त्या सावलीला मालक हवा म्हणून की काय, तिथे एक नवीन हात उगवला! पाच बोटं व्यवस्थित होती, हे त्यातल्या त्यात बरं. आलेला तुकडा शंभर टक्के झूमवर तपासा. रंगमंचावरचा फोटो जास्त आयएसओचा असतो, सगळीकडे दाणे असतात, आणि नवा तुकडा गुळगुळीत येतो. त्यावर दाणे वेगळे चढवावे लागतात.

शेवटी मी असं केलं: १२० पिक्सेल क्रॉप केले, उंचीतून त्यासोबत ८० गेले, पैकी बहुतेक खालून. उरलेल्या १९० पिक्सेलमध्ये पडदा आणि फळ्या क्लोनने. गुडघा तेवढा जनरेट केला.

आणि हे मला करता आलं, कारण फोटो नर्तिकेच्या भिंतीवर लागणार होता. बातमीसाठी असता तर कोपर ठेवलं असतं, किंवा घट्ट क्रॉप सोसला असता. २०१०मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत स्तेपान रुदिक या छायाचित्रकाराचं बक्षीस रद्द झालं. मूळ फोटो त्याने भरपूर कापला होता, कृष्णधवलही केला होता. त्यावर हरकत नव्हती. हरकत होती मागे दिसणारा कुणाच्या तरी पावलाचा छोटासा तुकडा पुसल्याची.