श्वास कुठे तुटतो?

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे लांबलचक वाक्याबद्दल. एकाच वाक्यात चार-पाच गोष्टी कोंबलेल्या असतात आणि पूर्णविराम पार शेवटी, पाहुण्यासारखा उशिरा येतो. अशी वाक्यं सोडवायची एक साधी रीत आहे. लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. मनात नाही, मोठ्यानं. मनात वाचताना डोळा गुपचूप मागे जातो, सुटलेला धागा पकडून येतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कानाला मागे जाता येत नाही.

त्यात आपली मराठी क्रियापद ठेवते शेवटी. ‘रामने आंबा’ एवढं ऐकलं तरी त्यानं खाल्ला, टाकला की चोरला, हे कळायला थांबावं लागतं. ‘नाही’ आणि ‘नये’ तर त्याच्याही मागे उभे. वाक्य लांबलं की ऐकणारा तेवढा वेळ सगळं हातात धरून उभा राहतो, आणि मग काहीतरी सांडतं.

याचा एक किस्सा आहे. तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. एका सोसायटीत लिफ्टशेजारी सूचना लागली. सेक्रेटरींनी स्वतः लिहिलेली, टाइप करून, खाली शिक्का मारून. मी ती तशीच वाचतो, तुम्ही फक्त ऐका.

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीची सफाई जी मागील महिन्यात पावसामुळे होऊ शकली नव्हती ती येत्या रविवारी सकाळी ८ वाजता सुरू करण्यात येणार असून दुपारी ३ वाजेपर्यंत पाणीपुरवठा बंद राहणार असल्यामुळे सर्वांनी शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे व ज्यांच्याकडे वॉशिंग मशीन आहे त्यांनी ती त्या दिवशी लावू नये तसेच सफाईनंतर येणारे पाणी औषधाचे असल्याने पहिली दहा मिनिटे नळ सोडून वाहू द्यावे व पिण्यासाठी वापरू नये.’

अडुसष्ट शब्द आणि एक पूर्णविराम. पहिल्या मजल्यावरच्या आजी भाजी घेऊन आल्या. चष्मा घरी राहिलेला. त्या वॉचमनला म्हणाल्या, “बाळा, काय लिहिलंय रे?” वॉचमन वाचायला लागला. माणूस चांगला वाचणारा, पण श्वास तर सगळ्यांनाच घ्यावा लागतो. पहिल्यांदा दम संपला तो ‘पावसामुळे होऊ शकली नव्हती’ इथे. आजी म्हणाल्या, “म्हणजे टाकी धुणार नाहीत होय?”

“नाही आजी, धुणार आहेत, पुढे आहे ना.” त्यानं पुढचा दम घेतला. ‘येत्या रविवारी सकाळी आठ वाजता सुरू करण्यात येणार असून दुपारी तीन वाजेपर्यंत पाणीपुरवठा’. आणि तो थांबला. आता तुम्हीच सांगा, कानाला काय ऐकू आलं? आठ वाजता सुरू, तीन वाजेपर्यंत पाणीपुरवठा. आजी खूश. रविवारी दिवसभर पाणी!

“नाही आजी, बंद म्हणतायत.”

“अरे, आत्ता तर सुरू म्हणालास!”

सुरू व्हायची होती सफाई आणि बंद व्हायचं होतं पाणी. दोन वेगळ्या गोष्टी ‘असून’ या एका शब्दानं एकमेकींना चिकटवल्या होत्या. ‘बंद’ हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द, आणि तो पडला पुढच्या श्वासात. पुढे आलं ‘नळ सोडून वाहू द्यावे’. लिहिणाऱ्याच्या मनात नळ सोडणं म्हणजे नळ चालू करणं. आजींनी विचारलं, “नळ सोडून? मग कुठून वाहू देऊ, खिडकीतून?”

तेवढ्यात सेक्रेटरी जिना उतरून आले. “अहो आजी, सोपं तर आहे,” म्हणून त्यांनी स्वतः वाचून दाखवलं. न अडखळता! ‘बंद’वर जोर, ‘असल्यामुळे’नंतर थांबा, सगळं जागच्या जागी. आजींना सगळं कळलं. मग त्या म्हणाल्या, “तू वाचलंस तर कळतं रे. पण तू काय दिवसभर लिफ्टपाशी उभा राहणार आहेस का?”

श्रोतेहो, या रीतीतली खरी मेख आजींनी सांगितली. आपण लिहिलेलं आपण वाचतो तेव्हा आवाज अर्थाला टेकू देतो. कागदावर नसलेले थांबे आपण आवाजानं भरतो. म्हणून पहिलं वाचन आपलं, पण दुसरं वाचन दुसऱ्याचं. विषय ठाऊक नसलेल्या कुणाला तरी कागद द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. घरी कुणी नसेल तर रात्रभर कागद बाजूला ठेवून सकाळी वाचावा. थोडा फरक पडतो, पण दुसऱ्या माणसाइतका नाही.

वाचताना हातात पेन्सिल हवी. बोलण्याच्या वेगानं वाचा, बातम्यांच्या नाही. जिथे श्वास घ्यावा लागला तिथे तिरकी रेघ. जिथे जीभ अडखळली किंवा वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरावंसं वाटलं, तिथे गोल. पुन्हा सांगतो, श्वासाला रेघ, अडखळीला गोल. वाचता वाचता दुरुस्ती करायची नाही, नाहीतर वाचणं राहून जातं. एका श्वासात आरामात दहा-बारा शब्द जातात. रेघ दोन गोष्टींच्या मधोमध पडली तर ठीक. ती एका गोष्टीच्या पोटात पडली, ‘पाणीपुरवठा’ इकडे आणि ‘बंद’ तिकडे, तर वाक्य तोडायलाच हवं.

तोडायचं सांध्यावर. सांधे ओळखायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. ‘असून’, ‘व’, ‘तसेच’, ‘असल्यामुळे’, ‘जी… ती’, ‘की’ हे शब्द शोधा. आणि क्रियापदं मोजा. आपल्या सूचनेत पूर्ण क्रियापदं आहेत सात, आणि ‘असून’, ‘असल्यामुळे’, ‘असल्याने’ ही अर्धवट सोडलेली आणखी तीन. एका वाक्यात दोनपेक्षा जास्त क्रियापदं दिसली की मी तरी थांबून बघतो.

जाता जाता, ‘कळविण्यात येते की’ हे काय आहे? कोण कळवतंय? सूचना लावली म्हणजे कळवलंच ना! आणि ‘सदर’ हा शब्द तर नोटिशींतून हद्दपार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या मोडी पत्रांत शब्दांमध्ये मोकळी जागा नसे, विरामचिन्हं नसत, वाचणारा कारकून ती गाठ सोडवून सांगत असे. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना देतात. पूर्णविराम हाताशी येऊन इतका काळ लोटला, तरी आपण तो जपून वापरतो, जणू त्याचे पैसे पडतात. असो.

तर ‘असून’ दिसलं की तिथे वाक्य संपवायचं. मात्र तोडल्यावर पुढच्या वाक्याला कर्ता राहत नाही, आणि मग हात आपोआप ‘ती’ लिहितो. इथे सांभाळा. टाकी ती, सफाई ती, गच्ची ती, इमारत ती, आणि या सूचनेत वॉशिंग मशीनही ती. ‘ती रविवारी सुरू होईल’ म्हटलं तर कोण सुरू होईल? नाम पुन्हा लिहा. शाळेत एकच शब्द पुन्हा आला की लाल रेघ बसायची, ती भीती सोडून द्या. कानाला पुनरावृत्ती बोचत नाही, तिचा आधार वाटतो.

कारणाचा सांधा तोडताना कारणाचा शब्द गमवू नका. ‘असल्याने’ काढलंत तर पुढे ‘म्हणून’ किंवा ‘त्यामुळे’ यायला हवं. नाहीतर दोन वाक्यं शेजारी उभी राहतात आणि त्यांची ओळखच होत नाही.

एक सांधा मात्र तोडायचा नाही, अटीचा. ‘पावती असेल तरच पैसे परत मिळतील.’ याचे दोन तुकडे केले, ‘पैसे परत मिळतील. पावती आणावी.’ तर माणूस पहिलं वाक्य ऐकून निघून जातो आणि पावती घरीच राहते. ‘जर-तर’, ‘तरच’, ‘शिवाय’ असलेलं वाक्य लांब वाटलं, तर त्यातलं बाकीचं सामान बाहेर काढा. अट आणि तिचं फळ एकत्र राहू द्या.

सेक्रेटरींनी त्या दिवशी पेन्सिल घेतली. वॉचमनला पुन्हा वाचायला लावलं, रेघा मारल्या. पहिल्या खेपेला त्यांनी इतकं बारीक चिरलं की तार वाचल्यासारखं झालं. ‘टाकी धुणार आहेत. रविवार आहे. आठ वाजता आहे. पाणी बंद आहे.’ आहे, आहे, आहे. हा दोषही मोठ्यानं वाचल्यावरच सापडतो. तीन वाक्यं ओळीनं एकाच शब्दावर आपटली की त्यातली दोन परत जोडायची. शेवटी कागदावर उरलं ते असं. वाचतो.

‘रविवारी, १४ तारखेला, सकाळी ८ ते दुपारी ३ पाणी बंद राहील. गच्चीवरची टाकी धुवायची आहे. शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा. वॉशिंग मशीन रविवारच्या दिवशी लावू नका. पाणी आल्यावर नळ उघडून पहिली दहा मिनिटे पाणी वाहू द्या. त्या पाण्यात टाकी धुण्याचे औषध असते, म्हणून ते पिऊ नका.’

सहा वाक्यं, सेहेचाळीस शब्द. सगळ्यात लांब वाक्य अकरा शब्दांचं. ‘बंद’ पहिल्याच श्वासात आलं. ‘नळ सोडून’चं ‘नळ उघडून’ झालं. मागच्या महिन्यातला पाऊस गेला, कारण बादली भरायला तो लागत नव्हता. आणि दहा मिनिटांचं पाणी पिऊ नये की त्यानंतरचंही, हा जुन्या वाक्यातला गोंधळ ‘त्या पाण्यात’ म्हटल्यावर मिटला. तो गोंधळ तोवर कुणाच्या लक्षातच आला नव्हता, लिहिणाऱ्याच्याही नाही.

१४ तारीख मात्र आजींमुळे आली. नवा कागद वॉचमननं वाचून दाखवला, तोही एकदाही न अडखळता. त्यात तेव्हा अजून ‘येत्या रविवारी’ होतं. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “येता म्हणजे उद्याचा की पुढचा?”

नमस्कार.