पाणी बंद, पण कुठलं?

श्रोतेहो, नमस्कार.

मी पुण्यातल्या एका अठ्ठेचाळीस सदनिकांच्या सोसायटीचा काही वर्षं सचिव होतो. त्या काळात मी सगळ्यात जास्त काय लिहिलं असेल, तर पाण्याची सूचना. पुणेकरांना वेगळं सांगायला नको. दुरुस्तीची कामं महापालिका बहुधा गुरुवारी काढते आणि वर्तमानपत्रात ठरलेलं वाक्य येतं, की गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. ही बातमी सोसायटीच्या लोकांपर्यंत पोचवायची, एवढंच काम. दहा मिनिटांत होईल असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

माझी पहिली सूचना मला अजून पाठ आहे. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव उद्या पाणीपुरवठा बंद राहणार आहे. तरी सर्वांनी पुरेसे पाणी भरून ठेवावे व सहकार्य करावे." बुधवारी संध्याकाळी सातला मी ती ग्रुपवर टाकली आणि एक प्रत लिफ्टपाशी चिकटवली. रात्री साडेनऊला सातव्या मजल्यावरच्या आजींचा फोन आला, "अहो, बंद उद्या आहे ना? मग आत्ताच नळाला पाणी नाही ते कसं?"

गच्चीवर जाऊन पाहिलं तर टाकी तळाला गेलेली. पाणी महापालिकेने तोडलं नव्हतं, माझ्या सूचनेनं संपवलं होतं. हे कसं झालं ते जरा हिशेबानं पाहू, कारण सूचना कशी लिहायची हे त्या हिशेबातूनच कळतं.

आमच्याकडे जमिनीखालची टाकी पंचवीस हजार लिटरची आणि दोन्ही विंगांच्या गच्चीवर दहा-दहा हजारांच्या टाक्या. म्हणजे सगळ्या भरल्या की पंचेचाळीस हजार लिटर. घरटी चार माणसं आणि माणशी रोज 135 लिटर, हा शहरासाठी सरकारी हिशेबात धरतात तो आकडा घेतला, तर सोसायटीला दिवसाला साधारण सव्वीस हजार लिटर लागतात. महापालिकेचं पाणी आमच्याकडे पहाटे येतं. बुधवारी सकाळी टाक्या काठोकाठ भरल्या, तरी बुधवारचा खर्च वजा जाता रात्री हाती राहतात एकोणीस हजार. त्यावर गुरुवारचा पूर्ण दिवस आणि शुक्रवारची सकाळ काढायची असते.

आता यात "पुरेसे पाणी भरून ठेवावे" हे वाक्य सोडा. पुरेसं म्हणजे किती? ज्याच्या घरी दोनशे लिटरचा ड्रम आहे त्याच्यासाठी पुरेसं म्हणजे दोनशे लिटर. अठ्ठेचाळीस घरांनी एक-एक ड्रम भरला की साडेनऊ हजार लिटर एका तासात जातात. जवळजवळ अर्धा साठा! आणि ते पाणी काही सगळ्यांकडे सारखं जात नाही. जो घरी आहे, ज्यानं मेसेज लगेच वाचला, त्याच्याकडे जातं. आजी मोबाईल रात्री साडेनऊला बघतात.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की "पाणी बंद" या दोन शब्दांत दोन वेगळी पाणी दडलेली आहेत. एक महापालिकेच्या लाइनीतलं आणि दुसरं आपल्या घरातल्या नळाचं. वर्तमानपत्र पहिल्याबद्दल सांगतं. माणसाला मात्र दुसऱ्याचं पडलेलं असतं, की माझ्या न्हाणीघरातला नळ गुरुवारी सकाळी सातला सोडला तर पाणी येईल की नाही? याचं उत्तर महापालिकेकडे नसतं. ते सोसायटीच्या टाकीत असतं आणि ते फक्त सचिवाला आणि वॉचमनला माहीत असतं.

म्हणून बातमी पुढे ढकलणं म्हणजे सूचना नव्हे. आधी कमिटीनं नळांच्या वेळा ठरवायच्या, मग लिहायला बसायचं. आम्ही पुढच्या खेपेला तसंच केलं. एकोणीस हजार हाताशी होते, गुरुवारी दुपारी दहा हजारांचा एक टँकर मागवला. झाले एकोणतीस. त्यातले दहा हजार गुरुवारी सकाळी, सात हजार संध्याकाळी, दहा हजार शुक्रवारी सकाळी. उरलेले दोन हजार धरायचेच नाहीत, कारण टाकीच्या तळातलं पाणी पंपाला ओढता येत नाही आणि आलंच तर गाळ घेऊन येतं.

एवढं ठरलं की सूचना आपोआप शांत होते. घबराट पसरते ती वेळ माहीत नसल्यामुळे. "कृपया घाबरून जाऊ नये" असं लिहिलं की न घाबरलेला माणूसही दचकतो. आता ती सूचना वाचून दाखवतो. तारीख नमुन्यासाठी धरली आहे.

"गुरुवार 14 मे व शुक्रवार 15 मे : घरातल्या नळांच्या वेळा.

गुरुवारी दिवसभर महापालिकेचे पाणी दुरुस्तीसाठी बंद आहे. शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबाने येईल. टाकीतले पाणी सर्वांना पुरावे म्हणून गच्चीवरचे वॉल्व्ह पुढील वेळीच उघडले जातील.

बुधवार 13 मे : नेहमीप्रमाणे, रात्री साडेदहापर्यंत.
गुरुवार 14 मे : सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 8.
शुक्रवार 15 मे : सकाळी 6 ते 9.

पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी, घरटी साधारण 20 लिटर, बुधवारी भरून ठेवावे. ड्रम किंवा टब भरू नयेत. गुरुवारी दुपारी टँकर येईल, त्यानंतरचे नळाचे पाणी पिण्यासाठी वापरू नये.

नळाची वेळ संपली की नळ आणि गिझर बंद आहेत ना, ते पाहावे.

पुढची माहिती शुक्रवारी दुपारी 12 वाजता याच ठिकाणी मिळेल. अडचण असल्यास सचिवांना फोन करावा."

त्याखाली एकच नाव आणि एकच नंबर. तीन नंबर दिले की तीन वेगळी उत्तरं मिळतात, आणि दुपारपर्यंत सोसायटीत तीन पक्ष पडतात.

यातल्या काही शब्दांबद्दल बोलतो. "उद्या" हा शब्द सूचनेत नको. बुधवारचा मेसेज कुणी गुरुवारी उघडतो आणि त्याचा उद्या शुक्रवार होतो. "परवा" तर आपल्या भाषेत मागेही जातो आणि पुढेही. वार आणि तारीख दोन्ही लिहायचे, म्हणजे एकात चूक झाली तरी दुसरं चुगली करतं. "सकाळी लवकर" हेही नको, कारण दूधवाल्याची सकाळ आणि संगणकवाल्या मुलांची सकाळ यांत चार तासांचं अंतर असतं.

"सभासद" हा शब्द मी मथळ्यातून काढला. सभासद म्हणजे सदनिकेचे मालक. आमच्या बी विंगमध्ये निम्मे भाडेकरू होते आणि ते मालकांच्या ग्रुपमध्ये नव्हतेच. लिफ्टपाशी कागद लावायचा तो त्यांच्यासाठी, घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी आणि ज्यांचा मोबाईल नातवाकडे असतो त्यांच्यासाठी. आम्ही त्याच कागदावर खाली चार ओळी हिंदीतही लिहायचो. ग्रुपवर मात्र त्या कागदाचा फोटो टाकू नका. फोटोतली अक्षरं म्हाताऱ्या डोळ्यांना लागत नाहीत. मजकूर टाइप करूनच टाका.

आणि "तांत्रिक कारणास्तव" हे सरकारी शब्द गेले तर काही बिघडत नाही. कारण माहीत असेल तर एका शब्दात सांगा, दुरुस्ती. माहीत नसेल तर सोडून द्या.

आणखी एक मोह असतो, तो म्हणजे पाण्याच्या सूचनेत मनातला राग काढण्याचा. "काही सभासद रोज पाइप लावून गाड्या धुतात, त्यांनी याची नोंद घ्यावी." मी हे एकदा लिहिलं होतं. त्यावर पंचेचाळीस मेसेज आले, सगळे गाड्यांबद्दल, आणि नळाची वेळ त्या ढिगाऱ्यात गाडली गेली. गाड्यांचा विषय खरा आहे. तो सभेत काढा, बुधवारच्या संध्याकाळी नको.

गिझरची आणि नळाची ओळ काहींना जास्तीची वाटते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. नळ सोडला, पाणी आलं नाही, तसाच उघडा टाकून माणूस कामावर गेला. दुपारी वॉल्व्ह सुटला आणि बेसिनमध्ये भांडी होती, तर खालच्या घराच्या छतातून धार लागते. वाचवलेलं पाणी असं जातं, वर दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद होतं ते निराळंच.

सूचना टाकण्याआधी मी एक परीक्षा घ्यायचो. वॉचमनला ती वाचायला द्यायची आणि विचारायचं, "गुरुवारी सकाळी दहाला नळाला पाणी असेल का?" त्यानं चटकन "नाही, नऊला बंद" म्हटलं तर सूचना जमली. तो कागद पुन्हा चाळू लागला तर आपण परत लिहायची. सूचना टाकल्यावरची परीक्षा म्हणजे फोन. दोन माणसांनी एकच प्रश्न विचारला, तर दोष त्यांच्या वाचण्यात नाही, तुमच्या मजकुरात आहे. त्या दोघांना वेगवेगळी उत्तरं देत बसण्यापेक्षा ती ओळ दुरुस्त करून पुन्हा टाका आणि वर लिहा, "बदल : संध्याकाळची वेळ आता 7 ते 9". नुसता नवा मेसेज टाकला तर जुना आणि नवा दोन्ही फिरत राहतात. म्हणून जुना आधी काढून टाकायचा.

आणि शुक्रवारी दुपारी बारा म्हटलं की बाराला लिहायचंच, सांगण्यासारखं काही नसलं तरी. "पाणी आले आहे, दाब कमी आहे, खालची टाकी भरत आहे, संध्याकाळी 4 ला पुन्हा कळवतो." लाइनीत पाणी आलं म्हणजे घरात आलं असं नाही. आधी खालची टाकी भरायची, मग पंप लागायचा, मग वरची भरायची. कमी दाबाला यात सहज दोन-तीन तास जातात. पहिलं पाणी थोडं गढूळ येतं, तेही याच मेसेजमध्ये सांगून टाकायचं. नाहीतर ग्लासचे फोटो येऊ लागतात.

एवढं सगळं शिकूनही माझ्याकडून एक गोष्ट राहिलीच. त्या खेपेला सारं नीट पार पडलं, एकही फोन आला नाही, मी स्वतःवर खूश होतो. पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी बी विंगमधल्या एका काकूंच्या दारात भरलेल्या बादल्यांची रांग दिसली. म्हटलं, "काकू, आज तर पाणी आहे." त्यांनी लिफ्टकडे बोट दाखवलं. कागद अजून तिथंच होता. वरची तारीख चिकटपट्टीखाली गेली होती, "गुरुवार" तेवढा ठळक दिसत होता.

नमस्कार.