निळी सही, जांभळा शिक्का आणि एक भिंग

नमस्कार, श्रोतेहो.

कागदपत्रांच्या पडताळणीच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. त्यातलं एक पदवीचं प्रमाणपत्र आज तुमच्यासमोर उलगडतो. हिरवी वेलबुट्टीची किनार, खाली जांभळा गोल शिक्का, निळ्या बॉलपेनची सही आणि डाव्या कोपऱ्यात उठावाचा ठसा. माझ्या सहकाऱ्याने कागद उलटा करून सहीच्या जागी अंगठा फिरवला आणि म्हणाला, "पेनचा दाब लागतोय. ओरिजिनल आहे." दाब खरोखरच लागत होता. तरीही तो कागद रंगीत झेरॉक्स होता. कसा, ते सांगण्याआधी झेरॉक्स यंत्रात काय घडतं ते बघू.

या यंत्रात पातळ शाई नसते, टोनर असतो. टोनर म्हणजे रंगीत प्लास्टिकची पिठासारखी बारीक पूड. तिचे रंग चारच : आकाशी निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. पूड आधी कागदावर बसते, मग तापलेल्या रोलरखालून जाताना वितळते आणि चिकटते. म्हणजे टोनर कागदाच्या वर बसतो. छापखान्यातल्या ऑफसेट यंत्राची शाई मात्र अगदी पातळ लागते आणि कागदाच्या तंतूंत थोडी मुरते. एक वर बसतो, दुसरी मुरते. एवढं लक्षात ठेवलं, तर पुढचं सगळं आपोआप सुचत जातं.

आधी स्पर्श. कोरड्या बोटाचं टोक कोऱ्या जागेवरून गडद छपाईकडे हलकेच सरकवा. टोनरवर आलं की बोट किंचित घसरतं, मेणचट लागतं. पण खरं सांगायचं तर नुसत्या बोटावर मी कधीच निकाल दिला नाही. कागद मुळातच गुळगुळीत असेल तर बोट फसतं. स्पर्शाचा खरा उपयोग उठावाच्या ठशाला. अस्सल ठसा पुढून उंच लागतो आणि मागून त्याच जागी खोलगट. झेरॉक्समध्ये तिथे फक्त करड्या सावल्यांचं चित्र उमटतं. बोटाला काहीच लागत नाही. आणि हो, बोटाला थुंकी लावून शाई पुसून बघायची जुनी खोड काही जणांना असते. तसं करू नका. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्याने सहसा पसरत नाही. म्हणजे कळत काही नाही आणि दुसऱ्याचा कागद मात्र खराब होतो.

आता उजेड. खोलीत अंधार करा, कागद टेबलावर सपाट ठेवा आणि टॉर्च कागदाच्या कडेला जवळजवळ आडवी धरा. उजेड कागदावरून सरपटत गेला पाहिजे. टोनर असेल तर जिथे जिथे छपाई आहे, नेमकं तिथेच चकाकतं आणि कोरा कागद निस्तेज राहतो. मग टॉर्च तशीच ठेवून कागद हळूहळू फिरवा. अस्सल ठशाची सावली उजेडाप्रमाणे बाजू बदलते. झेरॉक्समधली सावली छापलेली असते, ती बिचारी जागची हलत नाही. माझ्या मते घरच्या घरी करता येणारी ही सगळ्यात भरवशाची चाचणी आहे. सोनेरी वर्खाचंही तसंच. यंत्राचा दिवा वर्खावरून भलतीकडेच परावर्तित होतो, म्हणून प्रतीत सोन्याच्या जागी मळकट तपकिरी किंवा काळपट पट्टा उरतो.

तिसरी गोष्ट भिंग. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. ते हिरव्या किनारीवर धरा. अशी किनार बहुतेक वेळा तयार हिरव्या शाईने छापतात, त्यामुळे भिंगाखाली रेघ सलग हिरवी दिसते. झेरॉक्स यंत्राकडे हिरवा रंगच नाही. ते निळे आणि पिवळे ठिपके शेजारी शेजारी टाकून हिरव्याचा भास करतं. रेघेच्या कडा दातेरी दिसतात, आणि आजूबाजूच्या पांढऱ्या जागेत चुकार कण पडलेले असतात, पिठाच्या गिरणीत कपाटावर बसावेत तसे. इथे एक सावधगिरी बाळगा. मूळ किनारच चार रंगांत छापलेली असेल, तर अस्सल कागदावरही ठिपके दिसणार. तेव्हा ठिपक्याची कड बघायची : ऑफसेटचा ठिपका नीटस, टोनरचा भुरभुरीत.

आता आपल्या प्रमाणपत्राकडे येऊ. आडव्या उजेडात किनार चकाकली. ठशाची सावली हलेना. जांभळा शिक्का भिंगाखाली धरला, तर त्यात जांभळं असं काही नव्हतंच, किरमिजी आणि निळे कण होते. रबरी शिक्क्याची शाई ओली असते. ती तंतूंत शिरते आणि कडेला बऱ्याचदा दाट होते. इथे सगळा रंग कागदाच्या वर बसला होता. उरला प्रश्न सहीचा, कारण दाब तर खरा होता.

भिंग सहीवर नेलं आणि कोडं सुटलं. पेनच्या रेषेखालून दोन्ही बाजूंनी ठिपक्यांची निळी रेष डोकावत होती. मूळ सही झेरॉक्समध्ये आली होती आणि तिच्यावरून कोणीतरी खऱ्या पेनने गिरवलं होतं. गिरवणारा सावकाश जातो. म्हणून रेषेचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा, आणि शेवट बोथट. सवयीची सही झरझर होते. पेन उचलताना तिचं टोक निमुळतं होत जातं. शिवाय टोनरच्या मेणचट थरावर बॉलपेन दोन ठिकाणी अडखळलं होतं आणि तिथे शाई तुटली होती.

याच भिंगाने उलटी चूकही होते आणि ती जास्त वाईट. हल्ली किनार, बोधचिन्ह आणि ठरलेला मजकूर छापखान्यात छापून घेतात, आणि नाव, वर्ष, श्रेणी नंतर लेझर प्रिंटरने भरतात. म्हणजे अस्सल प्रमाणपत्रावरही नाव टोनरचंच असतं. आमच्याकडे एका नवख्या माणसाने नावावर टोनर दिसला म्हणून एक खरा कागद परत पाठवला होता. नावाचा टोनर काही सांगत नाही. किनारीचा, शिक्क्याचा आणि सहीचा टोनर सांगतो. लॅमिनेशन केलेल्या कागदावर तर बोट आणि आडवा उजेड दोन्ही लंगडे पडतात. वरचं प्लास्टिकच चकाकतं; तिथे फक्त भिंग उरतं.

त्या प्रमाणपत्राचं पुढे काय झालं? आम्ही त्यावरचा क्रमांक ते देणाऱ्या संस्थेकडे पाठवला. उत्तर आलं : नाव, वर्ष, श्रेणी, क्रमांक, सगळं नोंदवहीशी जुळतं. पदवी खरी होती. मूळ कागद हरवला होता. दुसरी प्रत मिळवायला वेळ लागेल म्हणून त्या गृहस्थांनी जुन्या रंगीत झेरॉक्सवर स्वतःच सही गिरवली होती. रीतसर अर्ज केला असता, तर त्यांना त्याच क्रमांकाची दुय्यम प्रत मिळाली असती. आता अर्जासोबत त्या गिरवलेल्या सहीचा खुलासाही लिहून द्यावा लागला.

नमस्कार.