लाभपंचमीपर्यंत बंद

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्यात रावपुऱ्याच्या बाजूला आमचं चष्म्यांचं दुकान आहे. वडिलांच्या वेळेपासून दिवाळीत आम्ही शटरवर एकच ओळ लावत आलो: 'लाभपंचमीपर्यंत बंद'. आसपासच्या सगळ्यांना ती कळायची, कारण पाडव्याला दुकान बंद करायचं आणि लाभपंचमीच्या मुहूर्तावर उघडायचं, ही इथल्या बाजाराची रीतच आहे. मग एका दिवाळीत पादऱ्याहून एक बाई म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आल्या. वडिलांच्या चष्म्याची काडी तुटली होती आणि चष्म्याशिवाय त्यांना जिना उतरता येत नव्हता. बाईंच्या फोनवर गूगल आमचं दुकान 'उघडं' दाखवत होतं. शटर बंद होतं, म्हणून त्यांनी पाटीवरच्या नंबरवर फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "दादा, पर्यंत म्हणजे पंचमीला उघडं की पंचमीलाही बंद?"

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या पाटीत नव्हतं. 'पर्यंत' हा शब्द दोन्हीकडे चालतो. तेव्हापासून मी 'अमुक दिवसापर्यंत बंद' असं लिहीत नाही. 'अमुक तारखेला सकाळी इतक्या वाजता उघडेल' असं लिहितो. गिऱ्हाइकाला बंद कधीपासून हे हवं असतं, पण त्याहून जास्त हवं असतं ते पुन्हा कधी यायचं हे.

सणाचं नाव पुरत नाही, तारीख लागते. 2025 ची दिवाळी आठवा. अमावास्या 20 ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि 21 च्या संध्याकाळी संपली. गुजरातेत बहुतेकांनी 20 ला, सोमवारी दिवाळी केली, 21 हा मधला पडतर दिवस, ज्याला इथे 'धोको' म्हणतात, आणि 22 ला बेसतुं वर्ष, म्हणजे गुजराती नवं वर्ष. महाराष्ट्रातल्या पंचांगांत मात्र लक्ष्मीपूजन 21 ला होतं. आता बडोद्यातल्या मराठी दुकानदाराने 'लक्ष्मीपूजनाला दुपारी बंद' असं लिहिलं, तर शेजारच्या गुजराती गिऱ्हाइकाने 20 समजायचं आणि पुण्याहून दिवाळीला आलेल्या पाहुण्याने 21. दोघेही बरोबर, आणि दोघांपैकी एकाचा हेलपाटा ठरलेला.

त्या वर्षी गूगलवर दुकानाच्या वेळा कशा भरल्या, ते सांगतो. आमची नेहमीची वेळ सकाळी 10 ते दीड आणि दुपारी 4 ते साडेआठ, रविवारी सुट्टी. दिवाळीच्या आधीचा रविवार 19 तारखेला होता, त्या दिवशी आम्ही उघडे होतो. 20 ला फक्त सकाळी, 21 ला पूर्ण दिवस. 22 पासून 25 पर्यंत, दोन्ही दिवस धरून, बंद. लाभपंचमी 26 ला, आणि तो नेमका रविवार! मुहूर्ताला सकाळी 9 ते 1 उघडायचं होतं.

गूगलवर दुकानाची जी प्रोफाइल असते, तिच्यात आठवड्याच्या वेळा एका ठिकाणी असतात आणि Special hours वेगळ्या ठिकाणी. खास वेळ ज्या तारखेला भरली, त्या तारखेपुरती ती नेहमीच्या वेळेला बाजूला सारते. पुढच्या दिवसापासून जुनं वेळापत्रक आपोआप परत येतं. म्हणून दिवाळीसाठी आठवड्याच्या वेळांना हात लावायचाच नाही. पुष्कळ जण तिथेच 'बुधवार बंद' करतात आणि मग डिसेंबरात विचारतात, बुधवारी गिऱ्हाईक का येत नाही?

आमच्या यादीत सगळ्यात महत्त्वाची तारीख 26 होती. 22 ते 25 बंद भरलं आणि तिथेच थांबलो असतो, तर रविवारच्या नियमाने 26 लाही 'बंद' दिसलं असतं, आणि आत मात्र आम्ही पूजा मांडून बसलेलो. सुट्टीच्या दिवशी उघडणार असाल तर तेही खास वेळेतच सांगावं लागतं. दुसरी गोष्ट, खास वेळ भरली की त्या दिवसाचे दोन्ही सत्र तुम्हालाच लिहावे लागतात. 19 ला आम्ही आधी सकाळचीच वेळ भरली, तर संध्याकाळ गायब झाली. दुसरी ओळ जोडली तेव्हा दिवस पुरा झाला.

21 ला तर आमच्या वेळा नेहमीच्याच होत्या. तरी मी ती तारीख भरली. कारण मोठ्या सणाला दुकानदाराने काहीच सांगितलं नाही, तर सणामुळे वेळा बदललेल्या असू शकतात अशी सूचना तिथे दिसते, आणि ती वाचून दुरून येणारा माणूस बेत रद्द करतो. वेळ तीच असली तरी ती नक्की केली की शंका मिटते.

एक बटण मात्र चार दिवसांच्या सुट्टीसाठी दाबू नका: Temporarily closed. ते दुकानात दुरुस्ती निघाली, दुकान महिनाभर बंद राहणार, अशा वेळेसाठी आहे. ते स्वतःहून उठत नाही. लाभपंचमीला दुकान उघडतं, पेढे वाटले जातात, आणि नकाशावर आपण अजून बंदच असतो.

नवरात्रात रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या खाण्याच्या गाड्यांना आणि दुकानांना वेगळी अडचण येते. संध्याकाळी 5 ते रात्री 1 अशी वेळ असेल तर ती एकाच ओळीत, ज्या दिवशी उघडता त्या दिवसाखाली लिहायची. बारापर्यंत एक ओळ आणि पुढच्या तारखेला 12 ते 1 दुसरी, असं तोडलं की त्या दुसऱ्या तारखेची संध्याकाळ भरायलाच दुकानदार विसरतात, आणि खास वेळ असल्यामुळे ती 'बंद' दिसते.

स्वतःची वेबसाइट असेल तर सूचना पोस्टरच्या चित्रात टाकू नका. तोरण, पणत्या आणि सोनेरी अक्षरं छान दिसतात, पण चित्रातली तारीख शोधयंत्राने वाचलीच असं नाही, आणि डोळे अधू असलेल्या माणसाच्या फोनला ती वाचून दाखवता येईलच असंही नाही. साध्या मजकुरात लिहा: '22 ऑक्टोबर 2025, बुधवार ते 25 ऑक्टोबर, शनिवार दुकान बंद. रविवार 26 ऑक्टोबरला सकाळी 9 ते 1 उघडे. सोमवार 27 पासून नेहमीच्या वेळा.' वार आणि वर्ष दोन्ही हवेत. वर्ष नसलेली सूचना पुढच्या दिवाळीत कुणाच्या तरी हाती लागते आणि खरी वाटते. साइट बनवणाऱ्या मुलाला हेही सांगा की पानामागच्या वेळांच्या माहितीत त्या तारखा validFrom आणि validThrough या दोन नावांखाली भरायच्या, आणि पूर्ण दिवस बंद असेल तर उघडण्याची व बंद होण्याची, दोन्ही वेळा 00:00 ठेवायच्या.

हे सगळं आठ-दहा दिवस आधी उरकतो, कारण बदल कधी तपासणीत अडकतो आणि लगेच दिसत नाही. मग माझ्या फोनवर नाही, बायकोच्या फोनवर दुकानाचं नाव शोधतो. माझ्या फोनवर मालकाचं पान उघडतं, तिच्या फोनवर गिऱ्हाइकाला दिसतं ते. 26 वर बोट ठेवून ती वाचते, "रविवार, 9 ते 1", आणि मग मी तेच शब्द, त्याच तारखा कागदावर उतरवून शटरला लावतो.

पादऱ्याच्या त्या बाईंच्या वडिलांची काडी मी त्याच दिवशी दुकान उघडून बसवून दिली. शटरवरची जुनी ओळ त्यांच्यासमोरच काढली.