धोरणातलं 'योग्य ती' खाटेजवळ चालत नाही

रुग्णालयाच्या संसर्ग-नियंत्रण धोरणात एक वाक्य हमखास असतं : 'सांसर्गिक जुलाब असलेल्या रुग्णाबाबत योग्य ती हस्तस्वच्छता व विलगीकरणाची दक्षता घ्यावी.' रात्रपाळीच्या सिस्टरला यातून काहीही कळत नाही. 'योग्य ती' म्हणजे कोणती, हेच तर तिला हवं असतं. त्यासाठी धोरणातून खाटेजवळ लावायचं एक कार्ड बनवावं लागतं.

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे जुलाब होणारा रुग्ण धरू. अँटिबायोटिकनंतर हे जुलाब बऱ्याचदा लागतात. या जंतूचे बीजाणू हँडरबमधल्या अल्कोहोलने मरत नाहीत. एरवी हात उघड घाण नसतील तर हँडरब उत्तम, 20 ते 30 सेकंदांत काम होतं. इथे मात्र साबण आणि वाहतं पाणी, 40 ते 60 सेकंद. चोळल्याने आणि धारेने बीजाणू हातावरून निघून जातात. म्हणून कार्डावर 'हात स्वच्छ करा' लिहू नका. 'या खाटेवरून निघताना साबण-पाणी, नुसता रब नाही' असं लिहा.

ओळींचा क्रम हात चालतात तसा लावा, धोरणातल्या प्रकरणांप्रमाणे नव्हे. आत जाण्याआधी हात स्वच्छ, मग गाऊन, मग हातमोजे. निघताना आधी मोजे, मग गाऊन, शेवटी हात धुणं. मधली एक ओळ सगळ्यात जास्त चुकते : लघवीची पिशवी रिकामी केली की मोजे काढा, हात धुवा, मगच सलाईनच्या कॅन्युलाला नवे मोजे घालून हात लावा. मोजे चढवले की आपण सुरक्षित, असं वाटतं. पण त्याच मोज्यांनी जंतू पिशवीवरून शिरेपर्यंत पोचतात.

आता टिक कशाला करायची? प्रत्येक हात धुण्याला नको. पाळीत एवढ्या वेळा हात धुतल्यावर टिक करायला कुणाला वेळ आहे? मग ड्युटी संपताना एकाच पेनाने, एका दमात सगळे रकाने भरतात. असं कार्ड दिसलं की समजा, ते मेलं. टिक फक्त पाळीच्या सुरुवातीला, तीही वस्तूंना : नळाला पाणी, साबण, मोजे, गाऊन, या खाटेचा वेगळा बीपी कफ, स्टेथोस्कोप, थर्मामीटर. उरलेल्या ओळी केवळ वाचायच्या.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वॉर्डांत एका पाळीत मराठी आणि कानडी दोन्ही बोलणाऱ्या सिस्टर, मावशी असतात. कार्डाच्या दोन्ही बाजूंना दोन भाषा छापल्या, तर भिंतीकडची बाजू कुणी वाचत नाही. दोन्ही एकाच बाजूला, ओळीखाली ओळ हव्यात. छापण्याआधी कार्ड न पाहिलेल्या सिस्टरला देऊन प्रत्यक्ष काम करायला सांगा. ती जिथे 'कुठलं?' असं विचारेल, ती ओळ बदला.

विलगीकरण कधी उठवायचं, हेही कार्डावर हवं. जुलाब थांबल्यावर निदान 48 तास ते चालू ठेवा, आणि उठवण्याचा निर्णय कुणाचा, त्या पदाचं नाव तिथेच लिहा. नाहीतर खाटेची निकड पडली की कार्ड आपोआप उतरतं.