नमो तस्स : एका ओळीची अठरा अक्षरे

या चित्रफितीत फळ्यावरच्या ओळीखालून शिक्षिकेचे बोट सावकाश सरकते आहे : नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स. बौद्ध वंदनेत त्रिसरण आणि पंचशील यांच्या आधी ही पाली ओळ तीन वेळा म्हटली जाते. तिला सर्रास गाथा म्हटले जात असले, तरी ती छंदात बांधलेली नाही, ते एक गद्य वाक्य आहे.

'नमो' म्हणजे नमस्कार आणि 'तस्स' म्हणजे त्यांना. पुढचे तीनही शब्द त्या 'तस्स'शीच जोडलेले आहेत. मराठीत आपण 'त्या भगवान, अर्हत, सम्यक् संबुद्धांना' असे म्हणून प्रत्यय एकदाच, शेवटी लावतो. पालीत मात्र तो प्रत्येक शब्दाला लागतो. 'बुद्ध'सारख्या अकारान्त शब्दाला 'स्स' लागून 'बुद्धस्स' होते, तर 'भगवन्त' आणि 'अरहन्त' यांची रूपे 'भगवतो' आणि 'अरहतो' अशी होतात. म्हणून या शब्दांच्या शेवटचा 'तो' म्हणजे मराठीतला 'तो' नव्हे, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे. 'अरहन्त' म्हणजे पूजेस पात्र, क्लेशांतून मुक्त झालेला. 'सम्मासम्बुद्ध' म्हणजे यथार्थपणे, स्वतःच्या बळावर बोध पावलेला.

आता शिक्षिकेच्या ओठांकडे पाहावे. मराठी बोलताना आपण शब्दातला मधला 'अ' सहज गिळतो आणि त्यामुळे 'भगवतो'चे 'भग्वतो' होऊन जाते. 'अरहतो'चे तर 'अर्हतो' होते आणि संस्कृतातला 'अर्हत्' कानात बसलेला असल्यामुळे ही चूक चूक वाटतही नाही. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे बोटांवर मोजणे : भ-ग-व-तो चार, अ-र-ह-तो चार. एखादे बोट उरले, तर एक अक्षर गिळले गेले आहे. 'तस्स'मध्ये पहिल्या 'स्'वर क्षणभर थांबून दुसरा 'स' सोडावा आणि त्यातला 'अ' पूर्ण ऐकू यावा. 'तस्य' म्हणणे म्हणजे पालीची ओळ संस्कृतात वाचणे होय. शेवटचा शब्द सम्-मा-सम्-बुद्-धस्-स असा सहा तुकड्यांत म्हणून मग एका श्वासात जोडावा. मोजल्यास पूर्ण ओळीची अठरा अक्षरे भरतात.

पडद्यावर पुढे दिसणाऱ्या ताडपत्रांवर संयुत्तनिकाय हा सुत्तांचा, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांचा, पाली संग्रह आहे. त्यातल्या एका सुत्तात राजगृहातील धनञ्जानी नावाची ब्राह्मणी पतीला भोजन वाढताना अडखळते आणि तिच्या तोंडून हेच वाक्य तीन वेळा निघते. पती संतापतो, वेळुवनात बुद्धांशी वाद घालायला जातो आणि तिथेच प्रव्रज्या घेऊन भिक्खू होतो.